‘या विषयावर एकही पुस्तक नाही’ हे वाक्य खोडताना

तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांवर मला इंग्रजीत पुस्तक करायचं होतं. त्यासाठी प्रकाशकाकडे पाठवलेला माझा पहिला प्रस्ताव बावीस पानांचा होता. त्याला उत्तर आलं सहा ओळींचं. दोन ओळी आभाराच्या, एक शुभेच्छांची, आणि मधल्या तीन ओळींचा मतलब असा: साधनं मोलाची दिसतात, पण हे पुस्तक नक्की काय म्हणतं ते आम्हाला कळलं नाही, शिवाय आमच्या ग्रंथमालेत चरित्रं घेत नाही.

मी चरित्र लिहिलंच नव्हतं, असं मला वाटत होतं. संध्याकाळी घरी येताना एसटीत आपलाच प्रस्ताव मोबाइलवर उघडला. पहिली अडीच पानं अशी: जन्म १९०९, गाव यावली. गुरू वरखेडचे आडकोजी महाराज. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम. १९४२ चं चिमूर-आष्टीचं आंदोलन आणि तुरुंगवास. १९५५ ची जपानची परिषद. १९६८ साली निर्वाण. हे चरित्र नाही तर काय! तिवसा येईस्तोवर मी मोबाइल पर्समध्ये टाकून दिला होता.

मी अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते. पीएच.डी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांवर केली, तीही मराठीतून. आमच्याकडच्या प्रबंधांचा साचा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पहिलं प्रकरण प्रस्तावना, दुसरं विदर्भाची संतपरंपरा, तिसरं जीवन, चौथं वाङ्मय, पाचवं कार्य, सहावं मूल्यमापन, सातवं उपसंहार. संताचं नाव तेवढं बदला, साचा तोच. माझ्या प्रस्तावात हीच सात प्रकरणं इंग्रजी होऊन उतरली होती.

तो प्रस्ताव लिहायच्या आधीच प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर, चढला होता आणि त्यानंतर महिनाभरात मला ‘आपला प्रबंध पुस्तकरूपात छापू’ अशा ईमेल यायला लागल्या होत्या. एका प्रकाशकाने तर फोन करून दर सांगितला: अठरा हजार रुपये भरा, आयएसबीएनसकट शंभर प्रती घरपोच. मजकूर कोण तपासणार, असं मी विचारलं. ‘मॅडम, तुमच्या विद्यापीठाने तपासलाच आहे ना,’ असं उत्तर आलं. पदोन्नतीच्या गुणांसाठी असं पुस्तक काढणारे माझे सहकारी आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण ज्या प्रकाशनसंस्थेत हस्तलिखित बाहेरच्या दोन जाणकारांकडे वाचायला जातं, तिथे पैसे लेखकाकडून सुरुवातीलाच मागत नाहीत, आणि तपासणीचा प्रश्न विचारला तर चिडत नाहीत. ओळख पटवायला मला तेवढं पुरलं.

तर अडचण होती ‘हे पुस्तक काय म्हणतं’ या प्रश्नाची. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात, एका तळटीपेत दडपून पडलं होतं.

प्रबंधाच्या वेळी तिवसा तालुक्यातल्या एका गावात मंडळाच्या जुन्या सचिवांच्या मुलाकडे मला एक वही मिळाली होती. हे चिरंजीव म्हणजे काकाजी, आता ऐंशीच्या पुढे आहेत. वही लाल कापडाच्या बस्त्यात, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. आत १९४९ पासून १९६३ पर्यंतच्या रोजच्या सामुदायिक प्रार्थनेच्या नोंदी. मधली काही वर्षं उंदरांनी नेली. एका पानावर असं आहे: अधिष्ठान मांडले, हजर एकतीस, प्रार्थना वेळेवर, खंजिरी दुरुस्तीस दिली, उद्या विहिरीजवळची नाली साफ करणे, माणसे सहा. खाली त्या सहा जणांची नावं. दुसऱ्या दिवशीच्या पानावर त्यातल्या पाचांपुढे खूण आहे, सहाव्यापुढे ‘बैल आजारी’.

प्रबंधात मी या वहीचा उपयोग ‘महाराजांच्या शिकवणुकीचा गावोगावी प्रसार झाला’ याचा पुरावा म्हणून केला होता. एसटीतल्या त्या संध्याकाळनंतर मी वही पुन्हा वाचायला घेतली तेव्हा तारखांकडे लक्ष गेलं. नाली, शोषखड्डे, गावसफाईच्या पाळ्या, ही सगळी कामं १९४९-५० च्या पानांवर आहेत. महाराजांचा ओवीबद्ध ग्रंथ, ग्रामगीता, पूर्ण झाला १९५५ च्या अखेरीला. ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य या अध्यायांत जे सांगितलंय, ते या गावात पाच-सहा वर्षं आधीच चालू होतं. म्हणजे निदान या गावापुरता तरी क्रम उलटा होता: आधी ग्रंथ आणि मग गावाने त्याचं पालन, असं घडलं नव्हतं. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी रांगेत बसणारी, हजेरी देणारी माणसं आधी घडली, त्यांच्या कामांना रूप आलं, आणि ग्रंथाने त्या कामांना शब्द दिले.

हे लक्षात आल्यावर प्रस्तावाचं पहिलं वाक्य बदललं. आधीचं वाक्य मराठीत सांगायचं तर असं होतं: ‘विदर्भातील थोर संत तुकडोजी महाराज यांच्या जीवनकार्याचा हा पहिला सर्वंकष अभ्यास आहे.’ नवं वाक्य: ‘रोजची सामुदायिक प्रार्थना ही १९४० आणि १९५० च्या दशकांत वऱ्हाडातल्या गावांची कामं ठरवण्याची जागा होती, आणि ग्रामगीता ही त्या कामांची सुरुवात नसून त्यांची नोंद आहे, असं हे पुस्तक मांडतं.’ पहिल्या वाक्याशी कुणाचं भांडण होऊच शकत नाही. दुसऱ्याशी होऊ शकतं, आणि पुढे झालंही.

प्रस्तावाचा नमुना बहुतेक प्रकाशकांच्या संकेतस्थळावर असतो. मथळे थोड्याफार फरकाने तेच: पुस्तकाचा गोषवारा, प्रकरणांचा सारांश, वाचक कोण, याच क्षेत्रातली इतर पुस्तकं, शब्दसंख्या, चित्रं-नकाशे किती, हस्तलिखित कधी देणार, लेखकाची माहिती, एक-दोन नमुना प्रकरणं. यातले बहुतेक मथळे एका बैठकीत भरून होतात. मी अडले दोन ठिकाणी.

पहिलं, इतर पुस्तकं. इथे मी पहिल्या खेपेला छाती फुगवून लिहिलं होतं की या विषयावर इंग्रजीत असं एकही पुस्तक नाही. मला वाटलं, ही तर जमेची बाजू! पुण्यातल्या एका ज्येष्ठ अभ्यासक मैत्रिणीने ते वाचून फोनवर विचारलं, ‘अगं, हे वाक्य संपादक कसं वाचेल सांगू? ज्या विषयावर कुणी लिहिलं नाही त्या विषयाचा कुणी वाचकही नाही, असं.’ शिवाय ते वाक्य प्रामाणिकही नव्हतं. तुकडोजी महाराजांवर मराठीत ढीगभर लिहिलं गेलंय. आणि इंग्रजीत महाराजांवर नसलं तरी मी ज्या प्रश्नावर बोलू पाहत होते त्यावर आहेच.

तेव्हा ते वाक्य खोडून मी प्रश्नाच्या कडेने पुस्तकं मांडली. ख्रिश्चन नोवेत्झके यांचं नामदेवांवरचं २००८ चं पुस्तक कीर्तन आणि लोकस्मृतीतून संत कसा टिकतो हे दाखवतं; माझ्याकडे स्मृतीच्या जोडीला हजेरीची वही आहे, आणि काळ विसाव्या शतकाचा. जॉन क्यून यांचं २०२१ चं पुस्तक एकनाथांच्या कथांमधल्या सहभोजनाच्या प्रसंगांतून भक्ती आणि जात यांचा हिशेब घेतं. मी जेवणाच्या पंगतीऐवजी प्रार्थनेच्या रांगेकडे पाहते. दोन्हींवर चार-चार वाक्यं, कुठेही ‘त्यांनी दुर्लक्ष केलं’ असा सूर नाही. त्यांच्यापैकीच कुणाकडे माझा प्रस्ताव तपासायला जाऊ शकतो, हेही मैत्रिणीने ध्यानात आणून दिलं होतं. तिसरा गट गांधी-विनोबांच्या ग्रामविचारावरच्या लेखनाचा. सेवाग्राम आणि पवनार आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, त्यामुळे ‘हे गांधीवादाचंच एक उपांग नव्हे का’ हा प्रश्न येणारच होता. तो मीच विचारला आणि उत्तर दिलं: नोंदींत सूतकताईचा उल्लेख दोनदा आहे, खंजिरीचा शेकडो वेळा.

दुसरी अडचण शब्दसंख्येची, आणि ती निव्वळ माझ्या अडाणीपणाची. प्रकाशकाची मर्यादा टिपा आणि संदर्भसूचीसह नव्वद हजार शब्दांची. मी प्रबंधातला ठेवण्याजोगा मजकूर मोजला, तो पंचाहत्तर हजार भरला, आणि निश्चिंत झाले. नमुना प्रकरण इंग्रजीत करायला घेतलं तेव्हा नऊ हजार मराठी शब्दांचे बारा हजार झाले. साधी गोष्ट आहे. ‘गावातल्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द. इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतात. विभक्ती, शब्दयोगी अव्ययं सगळी सुटी पडतात. त्या हिशेबाने माझे पंचाहत्तर हजार एक लाखावर जात होते, आणि टिपा अजून बाहेरच. मराठीतून इंग्रजीत जाणाऱ्याने आधी एक प्रकरण प्रत्यक्ष करून पाहावं आणि मगच आकडा लिहावा. मी विदर्भाच्या संतपरंपरेचं अख्खं प्रकरण काढून टाकलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण त्या प्रकरणात माझं स्वतःचं एकही वाक्य नव्हतं.

असे सातांचे पाच झाले. पहिलं अधिष्ठानावर: सामुदायिक प्रार्थनेत समोर मूर्ती नसते, रिकामं आसन असतं, आणि मी पाहिलेल्या तीन गावांपैकी दोन ठिकाणी त्या आसनावर पुढे महाराजांचा फोटो कसा आला. दुसरं वहीवर. तिसरं खंजिरी भजनाच्या फेऱ्यांवर. चौथं ग्रामगीतेवर, आधी सांगितलेल्या उलट्या क्रमाने. पाचवं १९६८ नंतरच्या पुण्यतिथी महोत्सवावर, जिथे ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसं एकदम मौन होतात. वहीतले ‘प्रार्थना वेळेवर’ हे दोन शब्द मला त्या मिनिटापर्यंत घेऊन जाताना दिसले.

नमुना म्हणून पहिल्या वेळी मी प्रस्तावनाच पाठवली होती. ती चूक. प्रस्तावनेत लेखक काय करणार ते सांगतो, करून दाखवत नाही. या वेळी वहीचं प्रकरण पाठवलं.

सुधारलेला प्रस्ताव नऊ पानांचा झाला. तो दोन प्रकाशकांकडे एकदम पाठवला आणि दोघांनाही तसं लिहिलं. प्रस्ताव दोन-तीन ठिकाणी पाठवायला सहसा हरकत नसते, लपवायला असते. पूर्ण हस्तलिखित मात्र एका वेळी एकाच ठिकाणी द्यायचं. सोयाबीन निघालं होतं, कापसाची पहिली वेचणी चालू होती, कॉलेजात पोरं तुरळक. एकाकडून आजतागायत उत्तर नाही. दुसऱ्याच्या संपादकाचं पाच आठवड्यांनी आलं: बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवत आहोत, तुम्ही चार नावं सुचवा. मी भाबडेपणाने पहिलं नाव माझ्या मार्गदर्शकांचं दिलं. ज्यांनी प्रबंधावर सही केली ते निःपक्ष वाचक कसे होणार? संपादकांनी ते सौम्य शब्दांत परत केलं. सोबत एक प्रश्न: प्रबंध सार्वजनिक आहे, मग या पुस्तकात नवं किती? मी प्रकरणवार लिहून दिलं: अधिष्ठानाचं आणि पुण्यतिथीचं अशी दोन प्रकरणं पूर्ण नवी, वहीचं आणि ग्रामगीतेचं नव्या मांडणीने लिहिलेलं, खंजिरीच्या प्रकरणातला सुमारे अर्धा मजकूर प्रबंधात मराठीत आलेला. खरं तेच सांगितलं. शोधगंगा कुणालाही दोन मिनिटांत उघडता येते.

वाचकांचे अहवाल साडेतीन महिन्यांनी आले. त्यांना माझं नाव माहीत होतं, मला त्यांचं नाही.

पहिला अहवाल अडीच पानांचा, आणि त्यातला एक परिच्छेद वाचून मी उठून अंगणात गेले. मजकूर साधारण असा: लेखिका १९४९ ते १९६३ या काळातल्या वऱ्हाडातल्या गावाबद्दल लिहिते, प्रार्थनेच्या रांगेत सगळे समान बसत असं सांगते, आणि नऊ पानांत १४ ऑक्टोबर १९५६ चा उल्लेखसुद्धा करत नाही. नागपूरची दीक्षाभूमी या गावापासून किती दूर आहे?

शंभर-सव्वाशे किलोमीटर. आणि माझं वर्षानुवर्षांचं वाचन, त्यात हा प्रश्न मला पडला नव्हता. संतसाहित्याच्या अंगाने आलेल्या माझ्यासारखीच्या डोक्यात धम्मदीक्षा हा ‘वेगळ्या पेपरचा’ विषय होता. गावात मात्र तो वेगळा नव्हता.

वहीचे फोटो माझ्याकडे होते. पुढचे दोन रविवार मी ती पानं पुन्हा नावानिशी मोजली. हजर माणसांची नावं रोज नाहीत, पण महिन्यातून एकदा, एकादशीच्या आसपास, पूर्ण यादी आहे. १९५६ च्या उन्हाळ्यापर्यंतच्या याद्यांमध्ये जी अकरा नावं काकाजींनी ‘तिकडल्या मोहल्ल्यातली’ म्हणून ओळखली, त्यातलं एकही १९५७ च्या कोणत्याच यादीत नाही. ती माणसं का आली नाहीत, हे वही सांगत नाही. भांडणाची नोंद नाही, निरोपाची नाही. नाली साफ करायच्या पाळीत त्यांच्या जागी दुसरी नावं येतात, एवढंच. आणि आणखी एक गोष्ट पहिल्यांदाच दिसली: १९५६ च्या आधी त्या अकरांची नावं पाळीत जितक्या वेळा येतात, तितक्या वेळा बाकीच्यांपैकी कुणाचंच येत नाही. रांगेत सगळे सारखे बसत असतील. नाली उपसायला मात्र सारखे जात नव्हते.

दुसरा अहवाल एका पानाचा आणि कोरडा. त्यात दोन मुद्दे. तीन गावांच्या आधारावर ‘विदर्भातील भक्तिचळवळ’ असं उपशीर्षक कसं देता? आणि लेखिका स्वतः या परंपरेतल्या घरातली दिसते, तर तिने आपली जागा सांगावी. माझे आजोबा मंडळात खंजिरी वाजवायचे, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. त्यांना कळलं कशावरून? मला वाटतं, सूरावरून. मराठीत ‘महाराज आले, महाराज म्हणाले’ हे आदरार्थी बहुवचन आपण श्वासासारखं वापरतो. इंग्रजीत ते टिकत नाही, मग नकळत त्याच्या जागी विशेषणं येतात. मी नमुना प्रकरणात ‘थोर’, ‘द्रष्टे’ या अर्थाचे शब्द शोधले. चौदा सापडले. बारा काढले, दोन काकाजींच्या तोंडचे होते, ते ठेवले.

अहवालांना लेखी उत्तर द्यायचं असतं, आणि संपादक मंडळापुढे अहवालांइतकंच ते उत्तरही जातं. मी आधी सात पानं लिहिली, त्यातली पाच स्पष्टीकरणाची. मैत्रिणीचं म्हणणं पडलं, ‘तू उलटतपासणीत उभी आहेस असं लिहितेयस. काय बदलणार, कोणत्या पानावर, आणि काय बदलणार नाही, कशामुळे, एवढंच लिही.’ दोन पानांत आणलं. उपशीर्षकातला विदर्भ गेला आणि तिवसा तालुका आला. पुस्तकाची झेप कमी दिसेल ही भीती होती, पण संपादकांना उलट ते आवडलं. आजोबांची खंजिरी प्रस्तावनेच्या दुसऱ्या पानावर गेली. १९५६ साठी वहीच्या प्रकरणाचे दोन भाग केले आणि अकरा नावांचा तक्ता उत्तरासोबतच जोडला, म्हणजे नुसतं आश्वासन राहिलं नाही. तक्त्यात खरी नावं दिली नाहीत. त्यांची नातवंडं आज त्याच गावात राहतात. एक सूचना मी नाकारली. पहिल्या वाचकाला गाडगेबाबांशी तुलनेचं स्वतंत्र प्रकरण हवं होतं. तुलना रास्त आहे, पण माझ्या तिन्ही गावांत गाडगेबाबांच्या कामाच्या अशा लेखी नोंदी मिळालेल्या नाहीत, तेव्हा ते प्रकरण इतरांच्या पुस्तकांवरून लिहावं लागेल, असं कळवलं. त्यावर कुणी काही म्हणालं नाही.

ग्रामगीता ही सुरुवात नव्हे, या माझ्या लाडक्या विधानालाही मुरड घालावी लागली. एका गावात कामं आधी होती म्हणून ग्रंथ सगळीकडे मागाहून आला असं होत नाही. शिवाय महाराज स्वतः फिरून तीच गोष्ट भजनांतून आधीपासून सांगत होते. आता तिथे लिहिलंय की या गावापुरतं ग्रंथ आणि व्यवहार यांचं नातं दुहेरी दिसतं. वाक्य पहिल्याइतकं ठसठशीत राहिलं नाही.

संपादक मंडळाची बैठक झाली आणि महिन्याभरात करार आला. करार म्हणजे पुस्तक येणारच असं नाही: पूर्ण हस्तलिखित पुन्हा वाचकांकडे जाणार आणि समाधानकारक वाटलं तरच छापणार, असं कलम त्यात स्पष्ट होतं. सूची मी करायची, किंवा तिचा खर्च माझ्या मानधनातून वळता. उद्धृतांच्या आणि छायाचित्रांच्या परवानग्याही माझ्याच माथी. इथे एक हिशेब करावा लागला. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, आणि मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून होते. १९६८ मध्ये साठ मिळवा: महाराजांच्या हयातीत छापलेलं त्यांचं लेखन २०२८ संपेपर्यंत हक्काखाली आहे. चर्चेपुरत्या दोन-चार ओव्या देणं निराळं, पण मला परिशिष्टात एका अख्ख्या अध्यायाचा अनुवाद द्यायचा होता. तो वगळला. वहीच्या पानांचे सहा फोटो मात्र हवेच होते.

त्यासाठी काकाजींकडे गेले. वही त्यांच्या घरात असली तरी मालकी मंडळाची, असं त्यांचंच म्हणणं. त्यांनी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर विषय काढला, आठ जण होते. कुणी फोटो कुठे छापणार विचारलं, कुणी किती पैसे मिळतील. मी मानधनाची टक्केवारी सांगितल्यावर ते हसले. ठराव वहीतच लिहिला गेला, नव्या वहीत, आणि त्याची प्रत मी करारासोबत पाठवली.

निघताना काकाजी म्हणाले, ‘बाई, हे इंग्रजीत लिवून राह्यल्या तुमी. आमाले वाचता येईन का?’

मी येईल म्हणाले, आणि घरी येऊन करार पुन्हा उघडला. अकराव्या कलमात लिहिलं होतं की जगातल्या सर्व भाषांतले अनुवादाचे हक्क प्रकाशकाकडे. पहिल्या वाचनात मी ते नुसतं पाहून पुढे गेले होते. संपादकांना पत्र लिहिलं: मराठीतले हक्क माझ्याकडे ठेवता येतील का, कारण ज्या गावाने साधनं दिली त्याची भाषा ती आहे, आणि प्रकाशक मराठीत पुस्तकं काढतही नाही. मला वाटलं होतं घासाघीस होईल. चौथ्या दिवशी दुरुस्त कलम आलं: मराठी वगळून. फक्त इंग्रजी आवृत्ती निघाल्यावर वर्षभराने, एवढी अट.

सही करून पाठवायला तालुक्याच्या पोस्टात गेले, रांग मोठी होती, पीएम किसानची केवायसी चालू होती. हस्तलिखित पुढच्या दिवाळीपर्यंत द्यायचंय. सध्या वहीच्या प्रकरणाचा दुसरा भाग चालू आहे, आणि त्या अकरांपैकी एकाच्या नातवाने आजोबांबद्दल बोलायला येत्या रविवारी घरी बोलावलंय.